विमानातून उतरल्यावर फोनचा गजर भलत्याच वेळी का वाजतो, आणि आधीच काय करून ठेवायचं

माझी मावशी पहिल्यांदाच एकटीने दुबईहून सिंगापूरला गेली. तिला दर बारा तासांनी एक गोळी घ्यायची असते. त्यासाठी फोनवर सकाळी 8 आणि रात्री 8 असे रोजचे दोन गजर कायमचे लावलेले आहेत. विमान रात्री 10 चं होतं. विमानतळावर 8 चा गजर वाजला, तिने गोळी घेतली आणि निश्चिंत मनाने विमानात बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी उशिरा तिचा फोन आला.

"अरे, सकाळचा गजर वाजलाच नाही बघ. मी बंद तर नव्हता केला."

"मावशी, आधी सांग, गोळी घेतलीस का?"

"नाही ना! गजर वाजेल म्हणून बसून राहिले. आता इथे चार वाजून गेलेत."

गजर तिने बंद केलेला नव्हता आणि फोनही बिघडलेला नव्हता. फोनने त्याच्या नियमाप्रमाणेच काम केलं होतं, फक्त तो नियम तिला कोणी सांगितलेला नव्हता. तो कळला की कुठला गजर वाजेल, कुठला वाजणार नाही आणि कुठला दोनदा वाजेल, हे विमानात बसण्याआधी कागदावर मांडता येतं. म्हणून तिच्याच प्रवासाचा हिशेब इथे सविस्तर करून दाखवतो.

गजर नेमकं काय लक्षात ठेवतो

फोनच्या आत वेळेची मोजणी एकच असते. 1 जानेवारी 1970 पासून किती सेकंद झाले, एवढंच तो मोजत असतो, आणि ही मोजणी जगभर सारखीच चालते. विमान कुठेही गेलं तरी तिच्यात फरक पडत नाही. पडद्यावर दिसणारे "सकाळचे 8" हे त्या मोजणीत टाइम झोनचा फरक मिळवून तयार होतात. दुबईचा फरक यूटीसीच्या, म्हणजे सगळं जग ज्याच्यावरून वेळ मोजतं त्या प्रमाणवेळेच्या, पुढे 4 तास आणि सिंगापूरचा 8 तास. म्हणजे एकाच क्षणी दुबईत 8 वाजलेले असतील तर सिंगापूरमध्ये 12 वाजलेले असतात.

आपण सकाळी 8 चा गजर लावतो तेव्हा घड्याळाचं ॲप तो क्षण साठवून ठेवत नाही. ते फक्त "तास 8, मिनिटं 00" एवढंच टिपून ठेवतं. मग त्या वेळच्या टाइम झोनमध्ये 8 वाजतील तो क्षण कुठला, हे काढून फोनला सांगतं की अमुक सेकंदाला मला जागं कर. टाइम झोन बदलला की ॲप हा हिशेब पुन्हा करतं, कारण "8 वाजता" याचा अर्थच बदललेला असतो.

रोजच्या आयुष्यात हे अगदी योग्य आहे. परगावी राहायला गेलात तर तिथल्या सकाळी 7 लाच उठायचं असतं. घरी तेव्हा किती वाजले आहेत याच्याशी उठण्याचा संबंध नसतो. अडचण येते ती ज्या कामाला "किती वाजता" यापेक्षा "किती तासांनी" हे महत्त्वाचं असतं तिथे. बारा तासांनी गोळी, दोन तासांनी डुलकीतून उठणं, अमुक क्षणी कुणाला तरी फोन करणं, ही सगळी कामं या दुसऱ्या गटातली. त्यांना गजर हे साधन मुळातच बरोबर नाही.

चार तास गेले कुठे

आता मावशीचा प्रवास घड्याळाप्रमाणे पाहू. विमान मंगळवारी रात्री 10 ला दुबईहून निघालं. त्या क्षणी सिंगापूरमध्ये बुधवारचे पहाटेचे 2 वाजले होते. साडेसात तासांनी, म्हणजे सिंगापूरच्या सकाळी 9:30 ला विमान उतरलं. फोन रात्रभर एअरप्लेन मोडवर होता, त्यामुळे आपण दुबई सोडल्याचं त्याला माहीतच नव्हतं. उतरताना त्याच्या पडद्यावर 5:30 होते.

विमान धावपट्टीवरून गेटकडे गेलं आणि मावशीने एअरप्लेन मोड काढला. हा क्षण तुम्ही कधीतरी मुद्दाम नीट बघा. वरच्या कोपऱ्यातल्या सिग्नलच्या रेघा आधी रिकाम्या असतात, मग नेटवर्कचं नाव येतं. एखाद्या सेकंदात, कधी एखाद्या मिनिटात, घड्याळाचा आकडा 5:40 वरून थेट 9:40 होतो. मधले आकडे पडद्यावर येतच नाहीत.

तिचा 8 चा गजर याच न दिसलेल्या चार तासांत होता. दुबईच्या 8 ला तो वाजला असता, पण ते आठ वाजायच्या आधीच फोन सिंगापूरचा झाला. सिंगापूरच्या 8 ला वाजायचा, तर तेव्हा फोन अजून दुबईचाच होता आणि पडद्यावर 4 वाजले होते. त्यामुळे तो कुठल्याच आठला वाजला नाही.

पुढचा गजर रात्री 8 चा. आधीची गोळी दुबईच्या रात्री 8 ला घेतली होती, म्हणजे सिंगापूरच्या मध्यरात्री 12 ला. फोनच्या भरवशावर राहिली असती तर पुढची गोळी सिंगापूरच्या रात्री 8 ला, थेट वीस तासांनी पडली असती. खरी वेळ होती दुपारी 12 ची.

अशा हुकलेल्या गजराचं पुढे काय होतं ते ॲपवर अवलंबून आहे. काही अँड्रॉइड फोनवर "Missed alarm" अशी सूचना येते, पण उतरण्याच्या गडबडीत ती दहा इतर सूचनांखाली दबून जाते. काही ठिकाणी काहीच न सांगता गजर दुसऱ्या दिवसावर ढकलला जातो. एकदाच वाजण्यासाठी लावलेला गजर यादीत चालूच दिसतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, गरज संपल्यावर वाजतो. "भलत्याच वेळी वाजला" अशी तक्रार जे करतात, त्यांच्यातल्या अनेकांचं नेमकं हेच झालेलं असतं.

तुमच्यासाठी यातून निघणारा नियम सोपा आहे. पूर्वेकडे जाताना घड्याळ उडी मारेल तेव्हा आधी कोणता आकडा असेल आणि नंतर कोणता, हे दोन आकडे लिहा. त्यांच्या मधल्या वेळेचा प्रत्येक गजर हुकणार. मावशीच्या बाबतीत 5:40 ते 9:40. सहाचा असो, आठचा असो की नऊचा, सगळे त्यात गेले. दहाचा वाजला असता, पण सिंगापूरच्या दहाला.

परतताना तोच गजर दोनदा

पश्चिमेकडे येताना उलट होतं, आणि औषधाच्या बाबतीत ते मला जास्त काळजीचं वाटतं. समजा परतीचं विमान सिंगापूरहून पहाटे 1 ला निघालं. तेव्हा दुबईत आदल्या रात्रीचे 9. साडेसात तासांनी दुबईच्या पहाटे 4:30 ला ते उतरतं. फोन मात्र अजून सिंगापूरचा असल्यामुळे पडद्यावर 8:30 दाखवतो.

सकाळी 8 चा गजर उतरायच्या अर्धा तास आधी विमानातच वाजतो. एअरप्लेन मोड फक्त रेडिओ बंद करतो, गजर बंद करत नाही. सहाचाही गजर असेल तर तो त्याच्याही दोन तास आधी, सगळे झोपलेले असताना वाजलेला असतो. मग उतरल्यावर 4:40 ला एअरप्लेन मोड काढला की घड्याळ 8:40 वरून 4:40 वर येतं. आता 6 आणि 8 पुन्हा यायचे बाकी आहेत. रोजचा गजर हिशेब नव्याने करतो आणि बऱ्याच फोनवर त्याच दिवशी दुसऱ्यांदा वाजतो.

विमानात 8 ला गोळी घेतली आणि चार तासांनी पुन्हा 8 चा गजर वाजला, तर अर्धवट झोपेतला माणूस आणखी एक गोळी घेऊ शकतो. गजर वाजला की गोळी, अशी हाताला सवय लागलेली असते. म्हणून ज्यांचं औषध ठरावीक अंतराने आहे त्यांनी प्रवासाच्या दिवशी घेतलेल्या प्रत्येक गोळीची वेळ कागदावर लिहावी आणि सोबत कुठल्या शहराची वेळ तेही लिहावं. आणि प्रवासात वेळा कशा सरकवायच्या हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. काही औषधांना तासाभराचा फरक चालतो, काहींना चालत नाही. हे ठरवणं फोनचं काम नाही.

फोनला नवी वेळ कोण सांगतं

इथे बहुतेकांचा एक गैरसमज असतो. "वायफाय लावलं की वेळ आपोआप बरोबर होते," असं आपण धरून चालतो. इंटरनेटवरून फोनला मिळते ती यूटीसीची अचूक वेळ. तुम्ही कुठल्या टाइम झोनमध्ये आहात, हे त्या सेवेत सांगितलेलंच नसतं. सेकंदासेकंदाला अचूक असलेला फोन चार तास मागच्या शहराची वेळ दाखवत राहू शकतो, आणि तरी त्याच्या दृष्टीने त्यात काही चुकलेलं नसतं.

टाइम झोन सांगणारे मुख्यतः दोघं. पहिलं मोबाइल नेटवर्क. फोन टॉवरशी जोडला गेला की नेटवर्क "इथला फरक एवढा" असा छोटा निरोप पाठवतं. सगळीच नेटवर्क तो पाठवतात असं नाही, आणि क्वचित चुकीचाही पाठवतात. दुसरं लोकेशन. फोनला आपण कुठे आहोत हे कळलं, आणि ती माहिती वापरायची परवानगी दिलेली असली, तर तो नकाशावरून टाइम झोन ओळखतो.

म्हणून जो प्रवासी रोमिंग घेत नाही, एअरप्लेन मोड तसाच ठेवून विमानतळाचं वायफाय लावतो, आणि बॅटरी वाचवायला लोकेशनही बंद ठेवतो, त्याचा फोन दिवसभर जुन्या शहरात राहू शकतो. मावशीने तसं केलं असतं तर गंमत अशी की 8 चा गजर सिंगापूरच्या दुपारी 12 ला, अगदी योग्य क्षणी वाजला असता. पण मग दुपारी 1 ला तिने नवीन सिम घातलं असतं, घड्याळ 9 वरून 1 वर गेलं असतं, आणि रात्रीचा गजर गोळीनंतर आठच तासांनी आला असता. एकदा वेळ जुळली याचा अर्थ पुढेही जुळेल असा नाही.

निघण्याआधी काय करायचं

सगळ्यात आधी गजरांची यादी उघडा. जुने, विसरलेले, एकेकाळी कशासाठी तरी लावलेले गजरही बघा. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: हे काम तिथल्या घड्याळाप्रमाणे करायचं आहे, की अमुक तासांनी, की एका ठरलेल्या क्षणी? उत्तराप्रमाणे साधन बदलतं.

तिथल्या घड्याळाप्रमाणे उठायचं असेल, म्हणजे पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी 7 ला, तर गजर तसाच राहू द्या. टाइम झोन बदलल्यावर तो आपोआप तिथल्या 7 ला जाईल. "इथले तीन म्हणजे तिथले सात, म्हणून मी तीनचा लावतो" हा हुशारीचा हिशेब करू नका. बरेच नवखे प्रवासी हेच करतात आणि मग तिथे पहाटे तीनला दचकून उठतात, कारण फरक आपणही मोजला आणि फोननेही.

अमुक तासांनी करायचं काम असेल तर टायमर लावा. टायमर घड्याळाच्या आकड्याकडे पाहत नाही, उरलेले सेकंद मोजतो. टाइम झोन चार तास पुढे जावो की मागे, बारा तासांचा टायमर बारा तासांनीच संपतो. मावशीने दुबईत रात्री 8 ला गोळी घेऊन लगेच 12 तासांचा टायमर लावला असता, तर तो सिंगापूरच्या दुपारी 12 ला वाजला असता. आयफोनवर टायमर जास्तीत जास्त 23 तास 59 मिनिटं 59 सेकंदांचा लागतो, तेव्हा अशा कामाला तो पुरतो. फक्त फोन मधे बंद पडता कामा नये. बॅटरी संपली तर टायमरही गेला आणि गजरही, त्यामुळे लांबच्या प्रवासात चार्जर हाताशी असू द्या.

ठरलेला क्षण गाठायचा असेल, म्हणजे सिंगापूरच्या बुधवारी दुपारी 3 ला कुणाला तरी भेटायचं असेल, तर ते कॅलेंडरमध्ये लिहा. पण लिहिताना वेळेजवळच असलेल्या "Time zone" या ओळीत सिंगापूर निवडा. कॅलेंडर गजराच्या अगदी उलट वागतं. ते आकडा धरून ठेवत नाही, क्षण धरून ठेवतं. दुबईत बसून झोन न बदलता नुसतं "3 वाजता" लिहिलंत, तर ते दुबईचे 3 म्हणून साठवलं जातं आणि सिंगापूरला उतरल्यावर तुमच्या डोळ्यांदेखत संध्याकाळचे 7 होऊन बसतं. कॅलेंडरची सूचना मात्र एकदा टुणकन वाजून थांबते. झोपलेल्या माणसाला उठवण्यासाठी तिच्यावर विसंबू नका.

घड्याळाची उडी स्वतः मारा

मी स्वतः करतो ते सांगतो, आणि मावशीलाही आता तेच शिकवलंय. उतरल्यावर फोन केव्हा बदलेल याची वाट पाहायचीच नाही. विमानात जागेवर बसल्यावर, एअरप्लेन मोड लावायच्या आधी, टाइम झोन हाताने पोचण्याच्या शहराचा करायचा. उडी तेव्हाही होतेच, पण आपण जागे असतो, बघत असतो, आणि कुठले गजर हुकले किंवा परत येणार हे तिथेच तपासता येतं.

आयफोनवर Settings मधून General, तिथून Date & Time उघडा. Set Automatically बंद करा आणि Time Zone मध्ये शहराचं नाव टाका. अँड्रॉइडवर बहुतेक फोनमध्ये Settings, मग System, मग Date & time असा रस्ता आहे. सॅमसंगच्या फोनवर तो General management मध्ये मिळतो. तिथे टाइम झोन आपोआप ठरवण्याचं बटण बंद करून शहर निवडायचं. एक गोष्ट कटाक्षाने पाळा: फक्त टाइम झोन बदला, तास-मिनिटं हाताने बदलू नका. झोन बदलल्याने आतली सेकंदांची मोजणी तशीच राहते. तास बदललेत तर ती मोजणीच चुकते आणि मग मेसेज, वेबसाइट, बँकेचं ॲप असे सगळेच कुरकुरायला लागतात.

मावशीच्या प्रवासात हे केलं असतं तर रात्री 10 चे पहाटेचे 2 झाले असते. न दिसलेले तास 10 ते 2 चे, आणि त्यात तिचा एकही गजर नव्हता. मग सकाळी 8 चा गजर विमानातच सिंगापूरच्या 8 ला वाजला असता, म्हणजे गोळीला आठच तास झालेले असताना. तेव्हा त्या दिवसापुरता तो गजर बंद ठेवून टायमरच्या भरवशावर राहायचं. तिने पुढच्या वेळी तेच केलं आणि टायमर वाजला तेव्हा ती सामान घेऊन बाहेर पडली होती.

हे विमानात बसण्याआधी मात्र करू नका. बोर्डिंग पासवरची वेळ तुम्ही ज्या विमानतळावर उभे आहात तिथली असते. फोन आधीच चार तास पुढे नेलात तर विमान चुकलं असं वाटून जीव घाबरा होईल. पश्चिमेकडे जात असाल तर अजून भरपूर वेळ आहे असं वाटून खरंच विमान चुकेल. मधे दुसऱ्या विमानतळावर विमान बदलायचं असेल तर आधी त्या मधल्या शहराचाच झोन लावा. पुढच्या विमानात बसल्यावर पुन्हा बदला.

उतरल्यावर दोन मिनिटांची तपासणी

एअरप्लेन मोड काढा, टाइम झोन आपोआप ठरवण्याचं बटण पुन्हा चालू करा आणि फोनवरचं घड्याळ विमानतळावरच्या घड्याळाशी ताडून पाहा. जुळत असेल तर गजरांची यादी उघडा. अँड्रॉइडवरची अनेक घड्याळ ॲप गजर बंद करून पुन्हा चालू केला की तो किती तास-मिनिटांनी वाजेल हे खाली क्षणभर दाखवतात. उद्या सकाळी 7 चा गजर आहे, आत्ता रात्रीचे 10 आहेत आणि ॲप "9 तासांनी" म्हणतंय, तर सगळं ठीक. ते 13 किंवा 5 म्हणत असेल तर टाइम झोन चुकलेला आहे. तुमच्या ॲपमध्ये असं काही दिसत नसेल तर जागतिक घड्याळाच्या यादीत पोचलेलं शहर घाला आणि त्याची वेळ वरच्या घड्याळाशी मिळते का बघा.

जुळत नसेल तर फोन अजून जुन्या गावातच आहे. आयफोनवर Privacy & Security मधल्या Location Services मध्ये खाली System Services आहे, तिथे Setting Time Zone चालू आहे का बघा. नवीन अँड्रॉइड फोनवर तारीख-वेळेच्याच पानावर लोकेशनवरून टाइम झोन ठरवण्याचा पर्याय असतो. तरीही घड्याळ हललं नाही तर वेळ घालवू नका, हाताने शहर निवडा. आणि मनगटावर स्मार्ट घड्याळ असेल तर त्याचा एअरप्लेन मोडही काढा. ते वेळ फोनकडून घेतं, पण त्याच्यावर वेगळे लावलेले गजर त्याच्याच यादीत असतात आणि फोनवरचा गजर बंद केल्याने ते बंद होतीलच असं नाही.

घरीच रंगीत तालीम

तुमचा फोन हुकलेल्या गजराचं काय करतो, हे प्रवासात कळण्यापेक्षा आज घरी कळलेलं बरं. एखाद्या दुपारी, समजा 2:10 वाजता, 2:30 चा एकदाच वाजणारा गजर लावा. मग टाइम झोन आपोआप ठरवणं बंद करून असं शहर निवडा, जिथे घड्याळ एक तास पुढे आहे. पडद्यावर 3:10 होतील आणि 2:30 मागे पडलेले असतील. आता सूचना आली का बघा, गजर यादीत चालू दिसतो की बंद तेही बघा. मग झोन परत जागेवर आणा. घड्याळ पुन्हा 2:12 वगैरे दाखवेल. 2:30 ला तो गजर वाजतो की नाही तेही पाहून घ्या. वीस मिनिटांत तुमच्या फोनचा स्वभाव समजतो, आणि तोही तुमच्याच ॲपचा. ॲप बदललंत किंवा नवीन फोन घेतलात तर तालीम पुन्हा करा.

ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे नेतात तिथे हाच प्रकार विमानाशिवायही घडतो. लंडनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी रात्री 1 चे थेट 2 होतात. त्या रात्री दीडचा गजर लावलेल्या माणसाला दीड वाजलेले दिसतच नाहीत. अशा दिवसांत तिथे जाणार असाल तर दोन शहरांमधला फरक जुन्या आठवणीवरून धरू नका, निघायच्या दिवशी जागतिक घड्याळात बघून घ्या.

मावशी आता परतीच्या विमानात बसली की मला एक मेसेज पाठवते: "दुबई लावली, टायमर 7 तास 10 मिनिटं." उरलेले तास ती शेवटच्या गोळीच्या वेळेवरून कागदावर काढते आणि तो कागद पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवते, म्हणजे फोन बंद पडला तरी पुढची गोळी केव्हा ते तिच्याजवळ लिहिलेलं असतं.